साठ मुलांच्या वर्गात जोडीने शिकणे: उत्तर उतरवणे कसे थांबले

पाचवीचा वर्ग, पटावर साठ मुले, साहित्य म्हणजे फळा, खडू आणि पाट्या. हातच्याची वजाबाकी मुलांनी एकमेकांना शिकवावी म्हणून गट केले, पण हुशार मूल गणित सोडवायचे आणि बाकीचे उतरवून घ्यायचे. दहाचे गट केले, गटप्रमुख नेमले, तरी तेच. दोन महिने वाया गेल्याचे फार वाईट वाटले.

शेवटी हे जमले. आधी फळ्यावर ५०३ − २६८ लिहून सर्वांकडून पाटीवर सोडवून घेतले. बऱ्याच पाट्यांवर ३६५ आले, म्हणजे मुले प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करत होती. मग बरोबर उत्तरवाला आणि ३६५ वाला अशा जोड्या लावल्या. बरोबरवाले कमी पडले तिथे तिघे बसवले.

पाटी आणि खडू फक्त चुकलेल्याच्या हातात. शिकवणाऱ्याने लिहायचे नाही, उत्तर सांगायचे नाही, फक्त विचारायचे: "तीनातून आठ जातात का? दशक शून्य आहे, मग कुठून आणशील?" शतक मोडून दहा दशक, त्यातला एक मोडून दहा एकक. उरले ४, ९, १३; उत्तर २३५.

सात मिनिटांनी चिठ्ठी काढून शिकणाऱ्यालाच फळ्यावर ६०२ − ३४७ दिले. "नऊ कुठून आला?" हे त्याला सांगता आले, तरच जोडी पास.

नवी संकल्पना मात्र आधी मीच शिकवते; ही पद्धत सरावापुरतीच चालते.