बेडूक गेले आणि तुडतुडे आले, माझा अनुभव

आमच्याकडं पहिल्या पावसात रात्री बॅटरी लावून मोठे बेडूक पकडतात, कायद्यानं बंदी असूनही, आणि मागच्या वर्षी खाचरात डरावच ऐकू आला नाही. नंतर पोटरीच्या वेळी भातात गोल गोल चट्टे करपले, चूड बाजूला करून बघितलं तर बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, तपकिरी तुडतुडे चिकटलेले. बेडूक नेमके तिथंच बसून ते टिपतात, कोळीही खातात, म्हणून सरसकट फवारा मारला नाही कारण त्यात कोळी आधी मरतात. पाणी तीन-चार दिवस काढलं, युरिया थांबवला. यंदा बेडूक पकडू दिले नाहीत, कोपऱ्यात पिल्लांसाठी पाण्याचा खड्डा ठेवला, तुडतुडे आहेत पण चट्टे नाहीत.