अभंग-गझलेतले प्रेमाचे शब्द सोप्या इंग्रजीत नेताना या चुका टाळा

नागपुरात मराठी गझल आणि अभंग वाचणाऱ्याच्या कानावर हिंदी-उर्दू दिवसभर पडत असते, आणि इथल्या भाषांतरांमधली सर्वांत नकळत होणारी चूक त्यातूनच येते. ‘माया’ आणि ‘लोभ’ हे दोन्ही शब्द मराठीत जिव्हाळ्यासाठी वापरले जातात. आपण पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहितो तेव्हा कोणाकडे हाव मागत नसतो. हिंदीची सवय असलेला भाषांतरकार मात्र पहिल्याचे ‘इल्यूजन’ आणि दुसऱ्याचे ‘ग्रीड’ करून मोकळा होतो. अडचण अशी की अभंगात हे शब्द खरोखरच त्या अर्थांनीही येतात, त्यामुळे केवळ शब्दकोश पाहून निवाडा होत नाही. सोबतचे क्रियापद पाहावे: माया ‘लावली’ किंवा ‘केली’ असेल तर तिथे स्नेह असतो, आणि जीव मायेत ‘गुंतला’ असेल तर बहुधा मोहाची गोष्ट चाललेली असते.

क्रियापदाकडे दुर्लक्ष केल्याने काय बिघडते, हे तुकोबांच्या एका सर्वपरिचित अभंगात नीट दिसते. ‘भेटीलागी जीवा लागलीसे आस । पाहे रात्रंदिवस वाट तुझी’ या ओळीचे ‘माय सोल हॅज अ होप ऑफ मीटिंग यू’ असे भाषांतर सहज सुचते, पण ते फिके पडते. ‘होप’मध्ये घडेल की नाही असा संशय असतो आणि माणूस निवांत बसूनही होप करू शकतो. आस मात्र लागते, जशी तहान लागते. तुकोबा शेवटी ‘तुका म्हणे मज लागलीसे भूक’ असे म्हणतात, म्हणजे पहिल्या ओळीतले ‘लागलीसे’ अखेरीस पुन्हा येते, आणि मधल्या कडव्यात भुकेले बाळ आईची वाट पाहत रडत असते. म्हणून पहिल्या ओळीतच शरीराला जाणवणारे काहीतरी हवे: ‘आय ache टु सी यू’. ‘हंग्री’ हा शब्द मात्र तिथे खर्च करू नये. तो शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवावा, नाहीतर अभंगाची चढण सपाट होते.

याच अभंगातली ‘वाट पाहणे’ ही दुसरी अडचण आहे. ‘वेट’ चुकीचे नाही, पण पुढे ‘दिवाळीच्या मुळा लेकी आसावली । पाहतसे वाटुली पंढरीची’ असे येते आणि तिथे खरोखरचा रस्ता डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘वॉच द रोड’ म्हटले की दोन्ही ठिकाणी एकच शब्दयोजना चालते. ‘मूळ’ म्हणजे इथे झाडाचे मूळ नव्हे, तर सासरच्या लेकीला माहेरी नेण्यासाठी येणारे बोलावणे. त्यासाठी तळटीप देण्यापेक्षा ‘अ मॅरीड डॉटर वेटिंग टु बी फेच्ड होम फॉर दिवाळी’ असे ओळीतच उलगडावे. सोप्या इंग्रजीत एवढी लांबी खपते.

आता संबोधने. सखा, सजण, माउली, प्राणनाथ या सगळ्यांना ‘बिलव्हेड’ या एकाच खुंटीला टांगण्याची सवय फार दिसते, आणि सोबत ‘ओ’ आणि ‘दाऊ’ आले की भाषांतर जुन्या प्रार्थनापुस्तकासारखे वाटू लागते. संबोधनापूर्वी कोण कोणाशी बोलते आहे ते ठरवावे. ज्ञानदेवांच्या ‘घनु वाजे घुणघुणा’ या विरहिणीत बोलणारी स्त्री आहे, कवी पुरुष असला तरी. आणि ‘कान्हा वेगी भेटवा का’ हे ती कान्ह्याला म्हणत नाही, भोवतालच्यांना म्हणते. ‘भेटवा’ हे प्रयोजक रूप आहे, म्हणून ‘कम टु मी, कृष्णा’ हे साफ चूक आणि ‘ब्रिंग हिम टु मी, सून’ हे बरोबर.

गझलेत संबोधन बऱ्याचदा काढूनच टाकावे लागते. सरावासाठी हा शेर घेऊ:

वाट नाही पाहिली मी, दार उघडे ठेवले
तू न येणे हे सखे मी रोज हसुनी सोसले

इथे ‘सखे’चे ‘फ्रेंड’ केले तर प्रेम जाते आणि ‘डार्लिंग’ केले तर सिनेमा येतो. इंग्रजीतला ‘यू’ तो भार पेलू शकतो. दुसरा मोह म्हणजे पहिल्या ओळीत ‘बिकॉज आय लव्ह्ड यू’ अशी पदरची पुस्ती जोडण्याचा. शेराची पहिली ओळ नकार देते आणि दुसरी तो नकार खोटा पाडते, त्यामुळे प्रेमाचा उल्लेख आधी केला की दुसऱ्या ओळीला काही कामच उरत नाही. ओळींचा क्रम तसाच ठेवून ‘आय डिडन्ट वेट फॉर यू, आय ओन्ली लेफ्ट द डोअर ओपन. यू डिडन्ट कम, अँड एव्हरी डे आय स्माइल्ड थ्रू इट’ एवढे पुरते. ‘सोसले’मधला घाव ‘स्माइल्ड थ्रू’मध्ये थोडा बोथट होतो, पण ‘सफर्ड’ लिहिले तर हसणे दबून जाते आणि शेर रडका होतो.