हजेरी आणि पोशाखाचे नियम कडक करताना नोटीस कशी काढावी

मी एका पॅथॉलॉजी लॅबचा कारभार पाहत असे. 14 जणांचा स्टाफ. सकाळी 7.30 ला लॅब उघडायची आणि 7.45 झाले तरी रक्त घेणारं कोणी जागेवर नसायचं. एका सकाळी एका मधुमेही आजोबांना बाकावरच घेरी आली. त्याच दुपारी मी ग्रुपवर लिहिलं, 'उद्यापासून उशिरा येणाऱ्यांची गय केली जाणार नाही.' रोज वेळेवर येणाऱ्या ताई संध्याकाळी माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "सर, माझं काय चुकलं?" त्यांना मी काय उत्तर देणार? त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ती नोटीस मी मागे घेतली आणि सगळं नव्याने केलं. ते असं.

आधी बायोमेट्रिकची महिन्याभराची नोंद काढा. उशीर एका-दोघांचाच असेल तर नवा नियम नको, त्यांना एकेकटं बोलवा. आमच्याकडे सकाळच्या पाळीतल्या चौघांपैकी तिघं उशिरा येत होते. विचारल्यावर कळलं की त्यांची बस स्टॉपवर 7.25 ला येते. म्हणजे कितीही धमकावलं तरी ते 7.30 ला पोचणं कठीणच होतं. आधीची बस पकडायची तर पाळीची वेळच अलीकडे आणायला हवी होती, आणि ती आणली तर सुटीही तेवढीच आधी द्यायला हवी होती.

एखादी घटना घडली की त्याच दिवशी नोटीस काढू नका. लोक ती घटना आणि नोटीस जोडतात आणि 'हे अमक्यामुळे झालं' म्हणत त्या माणसाकडे बोट दाखवतात. निदान दोन आठवडे जाऊ द्या. तसंही कायद्यात 'कामगार' म्हणून मोडणाऱ्यांच्या कामाच्या वेळा बदलायच्या तर साधारणपणे 21 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. तुमच्या आस्थापनेला काय लागू आहे ते सल्लागाराला विचारून घ्या. लेखी नोटीस लावण्याआधी सगळ्यांसमोर तोंडी सांगा आणि अडचणी ऐका.

मग लिहायला बसा. पहिल्या वाक्यात कारण, दुसऱ्यात नेमकी अपेक्षा. 'वेळेचे काटेकोर पालन करावे', 'सभ्य पोशाख असावा' यातून कोणाला काही कळत नाही. महाराष्ट्र शासनाच्या डिसेंबर 2020 च्या परिपत्रकात जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर नको असं वस्तूंची नावं घेऊन सांगितलं होतं. ते पटो न पटो, काय घालायचं नाही याबद्दल शंका उरत नव्हती. आमची दुसरी नोटीस अशी होती:

'सकाळी आपल्याकडे उपाशीपोटी तपासणीसाठी रुग्ण येतात, त्यांत वयस्कर आणि मधुमेही बरेच असतात. म्हणून 1 तारखेपासून सकाळची पाळी 7.15 ला सुरू होईल आणि 15 मिनिटं आधी सुटेल. 7.25 पर्यंतची हजेरी वेळेत धरली जाईल. पहिला नमुना 7.30 ला घ्यायचा आहे. नमुना घेताना आणि हाताळताना एप्रनची बटणं लावलेली आणि पायात बंद बूट हवेत, कारण सुई किंवा फुटलेली काचेची नळी पायावर पडू शकते. बुटांचा पहिला जोड लॅब देईल. हे नियम डॉक्टरांसह सर्वांना आहेत. येण्याजाण्याची अडचण असेल त्यांनी 25 तारखेपर्यंत मला भेटावं.'

यात 'गय', 'कारवाई', 'निदर्शनास आले आहे' यातला एकही शब्द नाही. मागच्या चुकांचा उल्लेखही नाही. बुटांचा खर्च आपण उचलल्यावर 'पोशाखाच्या नावाखाली भुर्दंड' ही कुरकुर राहिली नाही.

नियम मोडला तर काय, हे सांगायलाच हवं, पण शेवटी आणि प्रमाणात. 'तीन लेटमार्कला अर्ध्या दिवसाचा पगार कट' हा आपल्याकडचा सर्रास प्रकार हिशेबात बसवून बघा. पगार 15,600, दिवस 26, म्हणजे रोजचे 600 आणि आठ तासांच्या पाळीत तासाचे 75. दहा-दहा मिनिटं तीनदा उशीर झाला तर गेला अर्धा तास, म्हणजे 37 रुपये 50 पैसे. कापले 300. गैरहजेरीची कपात गेलेल्या वेळेच्या प्रमाणातच असावी, असं वेतनाचा कायदाही सांगतो. आम्ही पगाराला हातच लावला नाही. महिन्यात तीनदा उशीर झाला की समोर बसून बोलायचं, तरीही चालू राहिलं तर लेखी पत्र, एवढंच लिहिलं.

पहिला महिना नुसती नोंद ठेवा. आणि कोणी उशिरा आलंच तर सगळ्यांसमोर घड्याळाकडे बघू नका. कामाची गर्दी ओसरली की बाजूला घेऊन विचारा, "आज बस चुकली का? उद्याची काय सोय आहे?"