७८ दिवसांची मागणी २६ वर आणली, तेव्हा मुदतवाढ मिळाली

शाळेच्या इमारतीचं काम, मुदत ३१ मार्च. आम्ही कंत्राटदार; आमच्या ऑफिसनं मुदतवाढीसाठी तीन अडथळ्यांचे दिवस सरळ बेरीज करून मागितले होते: ड्रॉइंग उशिरा ३०, पाऊस ८, कुंपणाच्या रेषेतला विजेचा खांब न हलवणं ४०. अर्ज परत आला आणि नव्यानं मांडायचं काम माझ्याकडे आलं.

मी कामाच्या वेळापत्रकाचा बार चार्ट आणि अडथळ्यांच्या नोंदींचं हिंडरन्स रजिस्टर शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारत गेलो: यामुळे शेवटची तारीख हलली का? कुंपणाला चार्टमध्ये दोन महिने सवड होती, म्हणून खांबाचे दिवस शून्य धरले. ऑफिसला हे पटवणं सगळ्यात जड गेलं.

पहिल्या स्लॅबचं सुधारित ड्रॉइंग १० ऑगस्टला मिळायला हवं होतं, आलं ८ सप्टेंबरला. पण १६ ऑगस्टपर्यंत कॉलम चालूच होते. डेली रिपोर्टवर ज्युनिअर इंजिनिअरच्या सह्या होत्या, १७ तारखेपासून बारबेंडर आणि सुतार बसून असल्याची नोंद होती. म्हणून दावा १७ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर, २३ दिवस. आमची मागणीपत्रं आणि ड्रॉइंगवरचा आवक शिक्का सोबत जोडला.

पावसाचे ५ दिवस याच काळात पडत होते, ते दोनदा धरता येत नाहीत. उरलेले ३ सप्टेंबरअखेरचे, स्लॅबचं काँक्रीट थांबलेलं. त्याला तालुक्याची पर्जन्यनोंद लावली.

एकूण २६ दिवस. नवी तारीख २६ एप्रिल, दंडाशिवाय मंजूर झाली.