मोटरच्या करंटचा स्पेक्ट्रम काढण्याआधी: विंडो निवडण्याची तयारी

इंडक्शन मोटरच्या रोटरमधली एखादी बार तुटली किंवा तिला तडा गेला, की त्याची खूण स्टेटरच्या करंटमध्ये उमटते. पुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक साइडबँड उभे राहतात. ते मुख्य करंटच्या ५० डेसिबल खाली, म्हणजे सुमारे तीनशेसोळावा भाग एवढेच असू शकतात. पॅनेलमधल्या सीटीच्या, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरच्या, सेकंडरीत ४ अँपिअर वाहत असतील तर हा साइडबँड जेमतेम १३ मिलिअँपिअरचा. शेजारच्या ५० हर्ट्झच्या डोंगराचा पायथा आधीच पसरलेला असेल तर तो त्यात बुडून जातो. पुढची तयारी, म्हणजे स्पेक्ट्रम काढण्याआधी रेकॉर्डिंगला गुणायची विंडो निवडणं, हा पायथा आवळण्यासाठी आहे. उदाहरण म्हणून चार पोलची, पंपाला जोडलेली मोटर घेऊ. पंपाचा लोड स्थिर असतो, त्यामुळे सुरुवातीला असाच लोड निवडावा. पिस्टनचा काँप्रेसर किंवा क्रशर असला तर लोडच्या चढउतारानेही असेच साइडबँड येतात आणि निदान अवघड होतं.

घरून निघण्याआधी एक हिशेब कागदावर करून ठेवा: साइडबँड कुठे असायला हवेत? मुख्य फ्रिक्वेन्सीपासून त्यांचं अंतर म्हणजे स्लिप फ्रिक्वेन्सीची दुप्पट. चार पोलच्या मोटरसाठी सिंक्रोनस वेग आणि प्रत्यक्ष वेग यांच्यातला फरक आरपीएममध्ये घ्या, चारने गुणा आणि ६० ने भागा. समजा त्या दिवशी ग्रिड ४९.९७ हर्ट्झवर आहे, म्हणजे सिंक्रोनस वेग १४९९.१ आरपीएम. टॅकोमीटर १४७० दाखवतो. फरक २९.१, अंतर १.९४ हर्ट्झ. म्हणजे ४८.०३ आणि ५१.९१ या दोन जागा बघायच्या. टॅकोमीटर सोबत न्याच. नेमप्लेटवरचा वेग पूर्ण लोडचा असतो, मोटर त्या क्षणी किती लोडवर आहे हे त्यातून कळत नाही.

ग्रिडची फ्रिक्वेन्सीही दर वेळी मोजायची असते, ५० गृहीत धरायची नसते. भारतीय ग्रिड संहितेत ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा दिलेला आहे आणि फ्रिक्वेन्सी त्यात सतत हलत असते. स्पेक्ट्रल लीकेजची गोष्ट इथूनच सुरू होते.

समजा सेकंदाला १००० सॅम्पल घेऊन १० सेकंदांचं रेकॉर्डिंग केलं. एफएफटीचे बिन, म्हणजे स्पेक्ट्रममधले फ्रिक्वेन्सीचे कप्पे, ०.१ हर्ट्झच्या अंतराने पडतील. ४९.९७ हर्ट्झची लहर या दहा सेकंदांत ४९९.७ फेरे मारते. शेवटचा फेरा अर्धवट तुटतो. एफएफटी मात्र हाच तुकडा पुढे-मागे अखंड जोडलेला आहे असं धरून चालते, आणि जोडावर करंटची किंमत एकदम उडी घेते. लहर तीच असली तरी त्या उडीची ऊर्जा सगळ्या बिनमध्ये वाटली जाते. गळती ती हीच. करंट मोजणाऱ्या क्लॅम्पमध्ये किंवा मोटरमध्ये काही बिघाड असण्याची गरज नाही, रेकॉर्डिंग कुठे कापलं एवढ्यावर ती ठरते.

किती गळती होते हे मोजता येतं. विंडो न लावणं म्हणजे आयताकृती विंडो लावणं. तिच्यात मूळ शिखरापासून अंतर जितकं वाढेल तितकी गळती कमी होते, पण फार सावकाश: अंतर दुप्पट झालं की फक्त ६ डेसिबल. आपल्या उदाहरणात डावा साइडबँड ४८.० हर्ट्झच्या बिनमध्ये पडतो. मुख्य फ्रिक्वेन्सीपासून हे अंतर १९.७ बिन. तिथे आयताकृती विंडोची गळती मुख्य उंचीच्या ३८ डेसिबल खाली येते. आणि शोधायचा साइडबँड आहे ५० डेसिबल खाली. म्हणजे बार तुटलेली असली तरी आलेखावर फक्त गुळगुळीत उतार दिसेल. उलट बाजूचा धोकाही तेवढाच: कुणी हा ३८ चा आकडाच साइडबँड म्हणून वाचला, तर धडधाकट रोटर उघडायला निघतो. ढोबळ नियम असा, की चांगल्या लोडवर साइडबँड ५४-५५ डेसिबलपेक्षा खाली असले तर रोटर बरा आणि ४५ च्या वर आले तर शंका घ्यावी. या मोजपट्टीवर ३८ म्हणजे गंभीर दोष.

आता विंडो. काम एकच: रेकॉर्डिंगची दोन्ही टोकं हळूहळू शून्याकडे न्यायची, म्हणजे जोडावर उडी राहत नाही. त्याची किंमत अशी, की शिखर रुंद होतं. आयताकृती विंडोचा मेन लोब, म्हणजे शिखराचा मुख्य फुगवटा, शिखराच्या दोन्ही बाजूंना एकेक बिन असतो, हॅनचा दोन-दोन, ब्लॅकमनचा तीन-तीन, चार पदांच्या ब्लॅकमन-हॅरिसचा चार-चार.

निवडताना बहुतेक जण तक्त्यात सर्वांत उंच साइड लोबचा, म्हणजे मेन लोबच्या बाहेरच्या सर्वांत उंच उंचवट्याचा, आकडा बघतात: हॅन ३१ डेसिबल खाली, हॅमिंग सुमारे ४३ खाली, मग हॅमिंगच चांगली. आपल्या कामासाठी हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि इथे थोडं थांबायला हवं. हॅमिंगची टोकं शून्यापर्यंत जात नाहीत, मधल्या उंचीच्या आठ टक्क्यांवर थांबतात. म्हणजे जोडावर छोटी का होईना, उडी उरतेच, आणि त्यामुळे दूरची गळती आयताकृती विंडोसारखीच सावकाश उतरते. हॅनची टोकं शून्याला टेकतात आणि तिथे त्यांचा उतारही शून्य असतो, म्हणून तिची गळती अंतर दुप्पट झालं की १८ डेसिबलने कोसळते. आपल्या १९.७ बिनच्या अंतरावर हिशेब केला तर हॅमिंगची गळती ५४ डेसिबल खाली येते आणि हॅनची ८९. पन्नासच्या साइडबँडशेजारी ५४ ची गळती म्हणजे आकडा भरवशाचा नाही, फेजप्रमाणे तो वरखाली होणार. हॅनमध्ये तो स्वच्छ दिसतो. हॅमिंगची कमाई पहिल्या काही बिनपुरतीच आहे. म्हणून तक्ता उघडण्याआधी शोधायची वस्तू किती बिन दूर आहे ते ठरवा.

या कामासाठी माझी पहिली पसंती हॅनलाच आहे. पायथॉनमध्ये एवढं पुरतं:

```python
import numpy as np
from scipy.signal import get_window

x = x - x.mean()
w = get_window('hann', len(x))
X = np.abs(np.fft.rfft(x * w)) * 2 / w.sum()
dB = 20 * np.log10(X / X.max())
```

सरासरी आधी वजा केली आहे. ती राहिली तर शून्य हर्ट्झवरचं शिखरही विंडोबरोबर रुंद होतं. `w.sum()` ऐवजी `len(x)` ने भागलं तर हॅनमुळे सगळे आकडे निम्मे दिसतात. डेसिबलमधल्या तुलनेत ते कळत नाही, पण अहवालात अँपिअर लिहायचे असतील तर चूक थेट तिथे जाते. लहर दोन बिनच्या बरोबर मध्ये पडली तर हॅनमध्ये शिखर १.४ डेसिबलपर्यंत कमी वाचलं जातं. आपल्या निदानाला एवढा फरक चालतो. जिथे उंचीच अचूक हवी, उदाहरणार्थ कॅलिब्रेशन, तिथे फ्लॅट-टॉप विंडो घ्यावी. तिचं रुंद शिखर मात्र साइडबँड शोधण्याच्या कामाचं नाही.

रेकॉर्डिंगची लांबी निघण्याआधीच ठरवा, कारण विंडो आणि लांबी एकत्रच निवडावी लागते. हॅन लावणार असाल तर साइडबँड किमान आठ बिन दूर हवा. तिथे हॅनची गळती साठ डेसिबलच्याही खाली गेलेली असते. १.९४ हर्ट्झसाठी चार-पाच सेकंद पुरतात, दहा म्हणजे ऐसपैस. तीच मोटर जवळजवळ रिकामी, १४९६ आरपीएमवर चालली असती तर अंतर ०.२१ हर्ट्झ, म्हणजे दहा सेकंदांच्या रेकॉर्डिंगमध्ये दोनच बिन. साइडबँड हॅनच्या मेन लोबच्या कडेवर पडला असता. तिथे दुसरी कुठलीही विंडो मदतीला येत नाही, रेकॉर्डिंग ४० सेकंदांचं करावं लागतं. ब्लॅकमन-हॅरिस घेतली तर सहा बिनचं अंतर पुरतं, तरीही तीसेक सेकंद लागतातच. शून्यं जोडून फाइल लांब केली तर आलेख गुळगुळीत होतो, पण मिसळलेली शिखरं वेगळी होत नाहीत. आणि ४० सेकंदांत ग्रिड स्वतःच काही शतांश हर्ट्झ हलतं. शिखर त्यामुळे खरोखर रुंद होतं. ती गळती नाही, म्हणून विंडो बदलून ती जात नाही. लोड वाढवून मोजणं हाच तिथला चांगला मार्ग.

पॅनेलपाशी क्लॅम्प सीटीच्या सेकंडरीच्या वायरवर लावा. वायर कुठेही सोडू नका, चालू सीटीची सेकंडरी उघडी पडली तर जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. रेंज अशी ठेवा की लहर पुरेशी मोठी दिसेल पण कुठे कापली जाणार नाही. मोटर सुरू होऊन वेग स्थिर झाल्यावरच रेकॉर्डिंग सुरू करा, आणि त्याआधी व नंतर वेग मोजून लिहा.

सॅम्पलिंगच्या आधी अँटी-अलायझिंग फिल्टर आहे याची खात्री हवी. सेकंदाला १००० सॅम्पल घेतले आणि फिल्टर नसला, तर पुरवठ्यातला १९ वा हार्मोनिक, म्हणजे आपल्या दिवशी ९४९.४३ हर्ट्झ, दुमडून ५०.५७ हर्ट्झवर उतरतो. शेजारी सहा-पल्स रेक्टिफायर चालू असले की हा हार्मोनिक असतोच. मुख्य शिखराच्या अगदी कुशीत तो साइडबँडसारखाच उभा राहतो आणि कोणतीही विंडो त्याला हटवू शकत नाही, कारण सॅम्पल घेतानाच तो खरा झालेला असतो. ओळखायची खूण: तो एकाच बाजूला असतो, आणि त्याचं अंतर मोजलेल्या वेगाशी जुळत नाही.

शेवटी स्पेक्ट्रम हातात आल्यावर एक पडताळणी करा. तीच फाइल आयताकृती आणि हॅन अशा दोन्ही विंडोंनी काढून एकावर एक ठेवा. हॅनमध्ये जो उतार नाहीसा झाला तो गळतीचा, जे शिखर त्याच हर्ट्झवर उभं राहिलं ते खरं. शंका उरली तर थोडी लांब फाइल घेऊन ती पूर्ण फेऱ्यांवर कापा: ४९.९७ हर्ट्झला १०,००६ सॅम्पलमध्ये जवळजवळ नेमके ५०० फेरे बसतात, आणि दहा हजारांच्या जागी एवढे घेतल्यावर आयताकृती विंडोतही पायथा बराच आवळतो. ग्रिड त्या दहा सेकंदांत हललं असेल तर पूर्ण आवळणार नाही, म्हणून रोजच्या कामात हॅनच ठेवा.

अहवालात साइडबँडच्या डेसिबलशेजारी विंडोचं नाव, रेकॉर्डिंगचे सेकंद, वेग आणि करंट लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजताना हे चारही सारखे ठेवता आले तरच दोन आकड्यांची तुलना होईल. मोटर रिकामी चालत होती आणि साइडबँड मेन लोबमध्ये होते, तर ‘रोटर ठीक’ असं लिहू नका. ‘लोड अपुरा, निदान झालं नाही’ असं लिहा आणि पंपाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल त्या दिवसाची वेळ मागून घ्या.