कुर्त्याचा नमुना शिवायला देण्यापूर्वी: आकृती आणि फ्लॅट

गुडघ्यापर्यंतचा, पुढे बटणपट्टी आणि दोन्ही बाजूंना कट असलेला सुती कुर्ता नमुन्यासाठी पाठवायचा असेल, तर दोन स्वतंत्र चित्रे तयार ठेवावीत, कारण आकृती कापड अंगावर कसे पडेल ते सांगते आणि फ्लॅट, म्हणजे कपड्याचे सपाट रेखाचित्र, तो शिवायचा कसा ते.

आकृतीसाठी ए-फोर कागदावर 27 सेंटिमीटरची उभी रेषा आखून तिचे तीन-तीन सेंटिमीटरचे नऊ भाग करावेत. प्रत्येक भाग म्हणजे एक डोके. प्रत्यक्ष माणूस साधारण साडेसात डोक्यांचा असतो आणि वाढवलेली उंची बहुतांशी पायांत जाते. त्यामुळे कंबर तिसऱ्या रेषेवर आणि गुडघा सहाव्या रेषेच्या आसपास येतो, म्हणजे खांद्यापासून कंबरेपर्यंत साडेचार, तर कंबरेपासून गुडघ्यापर्यंत नऊ सेंटिमीटर. खऱ्या शरीरावर हे अंतर दुप्पट भरत नाही. माझ्या एका सुरुवातीच्या कामात कारागिराने आकृतीवरूनच लांबीचा अंदाज घेतला आणि कुर्ता पोटरीपर्यंत आला. चूक माझीच होती, कारण मी फ्लॅट जोडलाच नव्हता.

उभे राहण्याची ढब ठरवताना गळ्याच्या खळगीतून सरळ खाली सोडलेली रेषा भार पेलणाऱ्या पायाच्या टाचेजवळ पडते का, ते आधी पाहावे. तसे नसेल तर आकृती कलती दिसते. भाराच्या बाजूचा नितंब वर चढतो, त्यामुळे कंबरेवर बसणाऱ्या कुर्त्याच्या ताणाच्या सुरकुत्या तिथून निघून तिरप्या खाली जातात आणि दुसऱ्या बाजूचा कट थोडा उघडतो. सुरकुत्या ताणाच्या जागेवरून निघाव्यात आणि वाटेतच विरून जाव्यात. प्रत्येक रेष घेरापर्यंत ओढली, तर साधा कुर्ता चुण्यांचा वाटू लागतो. जाड सुती कापडाला मोजक्या, रुंद घड्या पुरतात, जॉर्जेटला मऊ आणि जास्त लागतात.

फ्लॅटमध्ये मात्र शरीर, छाया आणि सुरकुत्या काहीच नको. तो वास्तवाच्या जवळच्या प्रमाणात, जमिनीवर पसरल्यासारखा काढावा, अर्धा भाग काढून मध्यरेषेवर उलटवावा आणि पुढची व मागची बाजू शेजारी ठेवावी. बाह्यरेषा सर्वांत जाड, शिवणी बारीक आणि वरून दिसणारी टीप तुटक असते.

बटणपट्टीकडे विशेष लक्ष द्यावे. पट्टी तीन सेंटिमीटर रुंद असेल, तर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर यावे आणि बटणांचे केंद्र मध्यरेषेवरच असावे. पट्टीची कडच मध्यावर काढली, तर बटणांची ओळ बाजूला सरकते आणि गळ्याची खोलगट जागा तिच्याशी जुळत नाही. मध्यावर मोजपट्टी धरून पाहिली की हा दोष लगेच सापडतो. लांबी, पट्टीची रुंदी आणि कटाची सुरुवात हे आकडे फ्लॅटवरच लिहावेत, आकृतीवर नाहीत.