उपशीर्षकातली वेलांटी आणि कण्यावरची ओळ: मुखपृष्ठ दुरुस्त कसे करावे

समजा, ‘रहाट आणि पोहरा’ नावाचं पुस्तक दुसऱ्या आवृत्तीला चाललं आहे. मुखपृष्ठावर उपशीर्षक छापलंय ‘कोकणातील विहीरींचा इतिहास’, आणि कण्यावर ‘कोकणातल्या विहीरींचा इतिहास’. म्हणजे वेलांटी दोन्हीकडे चुकली, शिवाय ‘कोकणातील’चं एका ठिकाणी ‘कोकणातल्या’ झालं. मूळ फाइल करणाऱ्याचा संगणक भंगारात गेलेला. हाती आहे ती मलपृष्ठ, कणा आणि मुखपृष्ठ अशी अखंड, थर नसलेली एकच TIFF.

संगणक उघडण्याआधी बरोबर ओळ कोणती ते ठरवा. ‘विहीर’मधली ‘ही’ दीर्घ आहे, पण सामान्यरूप होताना ती ऱ्हस्व होते: विहीर, विहिरीचा, विहिरींचा. ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं तसंच. (‘शरीर’सारख्या तत्सम शब्दांत हे होत नाही, म्हणून ‘शरीराला’ तसंच राहतं, आणि म्हणूनच लोक गोंधळतात.) ‘कोकणातील’ की ‘कोकणातल्या’ हा मात्र शुद्धलेखनाचा प्रश्न नाही. तिथे आतलं शीर्षकपान प्रमाण धरा, कारण ग्रंथालयं पुस्तकाची नोंद करताना नाव तिथूनच घेतात. तिथे ‘कोकणातील’ असेल तर कण्यानेच बदलायचं. ठरलेली ओळ लेखकाला लिहून पाठवा आणि होकारही लेखीच घ्या. फोनवर ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येत नाही.

आता फाइल. मी इथे GIMP धरून लिहितोय, कारण ते फुकट मिळतं. Photoshop असेल तरी कृती हीच. फाइल CMYK असेल तर मात्र Photoshopमध्येच आणि त्याच रंगपद्धतीत काम करा. RGBमध्ये नेऊन परत आणली की मलपृष्ठावरचा बारकोड, जो निव्वळ काळ्या शाईत हवा, तो चार शायांचा होतो आणि छपाईत शाया जराशा सरकल्या तरी त्याच्या कडा रंगीत दिसतात.

मूळ फाइल बाजूला ठेवून तिची प्रत उघडा. डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, चारी बाजूंना 3 मिमी ब्लीड आणि 192 पानं धरू. 192 पानं म्हणजे 96 पत्रं. एक पत्र 0.1 मिमी जाड धरलं तर कणा 9.6 मिमी. 300 dpiला डावीकडून 1685 आणि 1799 पिक्सेलवर कण्याच्या दोन घड्या येतात, तिथे उभ्या मार्गदर्शक रेषा टाका. या आवृत्तीचा कागद बदलला असेल तर कण्याची रुंदी छापखान्याकडून नव्याने घ्या. ओळ बरोबर असूनही ती घडीवर चढलेली पुस्तकं मी पाहिली आहेत.

बहुतेकांना वाटतं की जुनी ओळ पुसावी आणि नवी टाइप करावी. फाँट नक्की तोच मिळाला तर जरूर करा. पण जुनी मराठी मुखपृष्ठं बहुधा युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेली असतात, आणि ‘जवळपास तसाच’ फाँट शीर्षकाखाली लगेच परका दिसतो. त्यापेक्षा लागणारी अक्षरं त्याच ओळीतून उसनी घ्या. ‘ही’ची ‘हि’ करायला आपल्याला फक्त एक ऱ्हस्व वेलांटी हवी आहे. ती ‘वि’मध्ये आहे आणि ‘इतिहास’मधल्या ‘ति’मध्येही आहे. दोन्ही लावून पाहा. जिचा गोल पुढे झुकून बरोबर ‘ह’च्या देठावर टेकतो ती घ्या. ‘ही’चीच दीर्घ वेलांटी आरशासारखी उलटवायचा मोह होईल, पण ते करू नका. देवनागरीची जाडी-बारीकी बोरूच्या तिरक्या कापावरून आलेली आहे. उलटवली की जाड बाजू बारकीच्या जागी जाते, आणि का खटकतंय ते वाचणाऱ्याला सांगता येत नसलं तरी खटकतं.

‘ह’ एका थरावर आणि उसनी वेलांटी दुसऱ्या थरावर काढून ठेवा. मग Clone हत्याराने जुनी ‘ही’ पुसा. पार्श्वभूमी वरून खाली गडद होत जात असेल तर नमुना वरून-खालून न घेता त्याच उंचीवर डावी-उजवीकडून, दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेतून घ्या, नाहीतर ठिगळ दिसेल. आता आधी वेलांटी, मग ‘ह’. मागचा काना गेला आणि पुढे तेवढाच काना आला, त्यामुळे एकूण रुंदी जवळपास तीच राहते आणि ‘रींचा’ला हात लावावा लागत नाही. शेवटी शिरोरेघ: ‘वि’पासून ‘चा’पर्यंत 400 टक्के मोठं करून पाहा. सांध्यात एक पिक्सेल जरी उघडा राहिला तरी तो भरा, आणि रेघेची जाडीही सगळीकडे सारखी ठेवा.

कण्यावर मात्र ही शस्त्रक्रिया पुन्हा करायची नाही. तिथली जुनी ओळ पूर्ण पुसा आणि समोरची दुरुस्त झालेली ओळच उचलून तिथे न्या. एकच ओळ दोन्हीकडे गेली की ‘कोकणातील’चा घोळ आपोआप मिटतो. अक्षरं पांढरी आणि जमीन गडद असेल तर सोपं आहे. उचललेल्या तुकड्याचे थर एकत्र करा, Levelsने जमीन पूर्ण काळी आणि अक्षरं पूर्ण पांढरी करा, आणि थराचा Mode ‘Screen’ ठेवा. काळं नाहीसं होतं, अक्षरं उरतात. आकार लहानच करा, मोठा कधीही नाही. मग Layer, Transform, Rotate 90° clockwise. हाताने फिरवलं तर अंश-दीड अंशाचा तिरकेपणा राहतो आणि कडाही धुरकट होतात.

ओळ कण्याच्या मध्यावर आणताना GIMPच्या Align हत्यारावर विसंबू नका. ते वेलांट्यांसकट चौकट मोजतं. या ओळीत वर वेलांट्या आणि अनुस्वार आहेत, खाली उकार एकही नाही. त्यामुळे चौकट मध्यावर आली तरी अक्षरांचं अंग मलपृष्ठाकडे सरकलेलं दिसतं. वेलांट्यांची उंची 14 पिक्सेल असेल तर हा फरक 7 पिक्सेलचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त, आणि साडेनऊ मिमीच्या कण्यावर तेवढा नजरेत येतो. शिरोरेघ आणि अक्षरांचा तळ यांचा मध्य धरा. कण्यावरच्या शीर्षकाचाही तोच मध्य आहे ना, ते पाहा. दोन्ही घड्यांपासून दीड मिमी जागा मोकळी राहायला हवी.

तपासणीसाठी जुनी फाइल सगळ्यात वरच्या थरावर ठेवा आणि तिचा Mode ‘Difference’ करा. सगळं पान काळं दिसायला हवं. उजळ दिसतील त्या फक्त दोन जागा, ‘हि’ आणि कण्यावरचं उपशीर्षक. तिसरीकडे कुठे ठिपका चमकला तर तिथे चुकून ब्रश लागलेला आहे. मग तो थर काढून टाका, मूळ मापात कागदी प्रिंट काढा, जुन्या प्रतीभोवती गुंडाळा आणि कण्यावरची ओळ शेवटच्या अक्षरापासून उलटी वाचा. सुलट वाचताना डोळे चूक स्वतःच सुधारून घेतात.

पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळांना लागणारं फक्त मुखपृष्ठाचं चित्र याच फाइलमधून कापून काढा आणि जुनं चित्र सगळीकडून काढायला लावा. एवढ्या दुरुस्तीसाठी नवा ISBN लागत नाही.